प्रशासन आंधळं नसतं, बहिरंही नसतं : पत्रकार आणि शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
वर्तमानपत्रं, वाहिन्या आणि संकेतस्थळांवर काम करणारे संपादक, उपसंपादक व वार्ताहर,
तसेच शाळाशाळांमधले भाषाशिक्षक यांस,

स. न. वि. वि.

मी दृष्टिहीन आहे आणि मराठी शिकवतो. बातम्या मला फोनमधला स्क्रीनरीडर वाचून दाखवतो. डोळसांची नजर मथळ्यावरून सरकते, सवयीचे शब्द ती गाळून पुढे जाते. माझ्या फोनला गाळता येत नाही. तो प्रत्येक शब्द सारख्याच आवाजात, सारखंच वजन देऊन वाचतो. त्यामुळे ‘आंधळ्या कारभाराचा फटका’, ‘बहिऱ्या प्रशासनाला जाग कधी?’, ‘मंत्र्यांचं लंगडं समर्थन’, ‘आरोग्य यंत्रणा पांगळी’ हे सगळं मी रोज, एकही शब्द न चुकता ऐकतो. आणि त्याच अंकात, आतल्या पानावर, ‘अंधत्वावर मात करत मिळवलं यश’ हेही ऐकतो. पहिल्या पानावर माझं अपंगत्व नालायकीला दिलेलं नाव असतं आणि आतल्या पानावर ते हरवण्याजोगा शत्रू असतं.

हे ऐकून वाईट वाटतं आणि रागही येतो. पण ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढंच म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. या वाक्प्रचारांनी बातमी बिघडते, असं माझं म्हणणं आहे. जाब ज्याला विचारायचा, तो यांच्या आडून सटकतो. अपंगांचा अपमान आणि दोषी माणसाची सुटका ही दोन्ही कामं एकाच शब्दात होतात. म्हणून ही गोष्ट सौजन्याइतकीच तुमच्या कामाच्या दर्जाचीही आहे.

आधी हे शब्द खरे आहेत का, ते पाहू. ‘आंधळा कारभार’ म्हणजे बेफिकीर, न बघता केलेला कारभार असं तुम्हाला म्हणायचं असतं. ज्याला दिसत नाही तो माणूस बेफिकीर असतो का? मी रस्त्यावर पाऊल टाकतो ते पांढऱ्या काठीने पुढची जमीन तपासून. नोटा मोजतो त्या एकेक चाचपून. कागदावर सही करण्याआधी तो कुणाकडून तरी वाचून घेतो, शंका आली तर दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेतो. ऐकू न येणारी माणसं समोरच्याच्या ओठांकडे, हातांकडे, चेहऱ्याकडे किती बारीक लक्ष ठेवतात ते कधी त्यांच्याशी बोलताना पाहा. कुबडी घेऊन चालणारा माणूस घरातून निघण्याआधी पायऱ्या किती, उतार कुठे, लिफ्ट चालू आहे का, याची चौकशी करतो. निष्काळजीपणा, दुर्लक्ष, ढिलाई या दोषांना आमची नावं दिली जातात, आणि आमचं जगणं तर नेमकं त्यांच्या उलट असतं. उपमा म्हणूनसुद्धा ती चुकीची आहे.

याहून मोठी अडचण पुढे आहे. आंधळ्याला दिसत नाही, बहिऱ्याला ऐकू येत नाही, यात त्यांचा दोष काहीच नसतो. तुम्ही प्रशासनाला बहिरं म्हणता तेव्हा त्यालाही हीच सवलत देऊन टाकता : त्याला बिचाऱ्याला ऐकूच आलं नाही. प्रत्यक्षात त्याला ऐकू आलेलं असतं. तक्रार कार्यालयात पोचलेली असते, तिच्यावर आवक क्रमांक पडलेला असतो, ती कुणाच्या तरी टेबलावर गेलेली असते, तिच्यावर कुणीतरी शेरा मारलेला असतो आणि मग ती बाजूला ठेवलेली असते. ऐकूनही काही न करणं हा निर्णय आहे आणि निर्णयाला कर्ता असतो. ‘बहिरं प्रशासन’ म्हटलं की कर्ता गायब होतो.

अग्रलेखांत ‘धृतराष्ट्र’ वारंवार येतो. महाभारतात काय आहे ते आठवून पाहा. दिसत नाही म्हणून धृतराष्ट्राला डावलून पांडूला राज्य दिलं गेलं, म्हणजे अंधत्वापायी त्याच्यावर अन्यायच झाला होता. नंतर सत्ता त्याच्या हाती आली तेव्हा त्याला माहिती मिळाली नाही असं कधी झालंच नाही. विदुर वेळोवेळी सांगत होता. द्यूतसभेत तो स्वतः हजर होता. युद्धाचा वृत्तांत संजय त्याला ऐकवत होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी मुलाच्या मोहापायी त्याने ते चालू दिलं. त्याचा दोष पक्षपाताचा आहे. त्याच सभेत भीष्म-द्रोणांसारखे डोळस लोक बसले होते, त्यांनी तरी काय केलं? तेव्हा एखादा नेता मुलाच्या गैरव्यवहारांकडे दुर्लक्ष करत असेल, तर ‘मुलाला पाठीशी घालतो’ असं सरळ लिहा. ते धृतराष्ट्र म्हणण्यापेक्षा जास्त झोंबेल, कारण ते नेमकं असेल.

मग लिहायचं काय? मराठीतच याची सोय आहे आणि ती जुनी आहे. कानाडोळा करणे, डोळेझाक करणे, कानांवर हात ठेवणे, मूग गिळून बसणे, तोंड फिरवणे, हात झटकणे, वेळ मारून नेणे, झोपेचं सोंग घेणे, टोलवाटोलवी करणे, भिजत घोंगडं ठेवणे. या यादीकडे नीट लक्ष द्या. यातला प्रत्येक वाक्प्रचार क्रियापदावर संपतो. कुणीतरी काहीतरी करतो आहे किंवा जाणूनबुजून करत नाही. इथे कुणाच्या शरीराला दोष दिलेला नाही, वागण्याला दिला आहे. ‘बहिऱ्या प्रशासनाने’ याऐवजी ‘प्रशासनाने कानाडोळा केला’ म्हटलं की वाक्यात कर्ता परत येतो, आणि मुद्दाम केलं हा अर्थही आपोआप येतो. डोळेझाक करायला डोळे उघडे असावे लागतात. काही मित्र म्हणतात, यातही डोळे-कान आहेतच की. असू देत. डोळे सगळ्यांना असतात, मलाही आहेत. आक्षेप अवयवाच्या उल्लेखाला नाही. माणसाच्या न्यूनाला दुर्गुणाचं नाव म्हणून वापरण्याला आहे.

आता हे काम डेस्कवर प्रत्यक्ष कसं होईल ते एका मजकुरावर करून दाखवतो. मजकूर मी रचलेला आहे, पण याच्यासारखे तुमच्याकडे रोज येत असतील :

‘रस्त्यावरील खड्ड्याबाबत नागरिकांनी वारंवार निवेदने देऊनही बहिऱ्या प्रशासनाला जाग आली नाही. अखेर या आंधळ्या कारभाराने एका दुचाकीस्वाराचा बळी घेतला. पावसामुळे काम लांबल्याचे लंगडे समर्थन अधिकाऱ्यांनी केले असून पांगळ्या यंत्रणेबद्दल संताप व्यक्त होत आहे.’

तीन वाक्यांत चार विशेषणं : बहिरं, आंधळा, लंगडं, पांगळी. प्रत्येकाखाली रेघ मारा आणि वार्ताहराला प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : इथे नेमकं कुणी काय केलं, किंवा करायला हवं होतं ते केलं नाही?

‘बहिरं’ला हा प्रश्न विचारला की निवेदनं बाहेर येतात. किती दिली, कुणाच्या नावे, कोणत्या तारखांना, पोच मिळाली का, उत्तर आलं का. समजा तीन निवेदनं होती आणि तिन्हींची पोच नागरिकांकडे आहे. ‘आंधळा’ला विचारलं की पाहणी निघते. अभियंता जागेवर गेला होता का? समजा गेला होता, अपघाताच्या महिनाभर आधी, आणि खड्डा धोकादायक असल्याचं त्यानेच अहवालात नोंदवलं होतं. म्हणजे प्रशासनाला खड्डा दिसला होता, लेखी दिसला होता. ‘आंधळा कारभार’ लिहून वार्ताहराने बातमीतली सगळ्यात गंभीर गोष्ट स्वतःच पुसून टाकली होती. ‘लंगडं’ला विचारलं की अधिकाऱ्याचा खुलासा तपासावा लागतो : पावसामुळे काम लांबलं म्हणतात, तर पाहणी पाऊस सुरू होण्याआधीची आहे का? असेल, तर समर्थन का टिकत नाही ते एका तारखेत वाचकाला कळतं. ‘पांगळी’ला विचारलं की कंत्राट, निधी, मंजुरी यांतलं काय अडलं होतं ते शोधावं लागतं. काहीच सापडलं नाही तर ते वाक्य काढून टाका, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मग मजकूर असा होतो : ‘खड्ड्याबाबत नागरिकांनी तीन निवेदने दिली होती. पाहणीनंतर अभियंत्याने तो धोकादायक असल्याचा अहवालही दिला. मात्र दुरुस्ती झाली नाही आणि दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला. पावसामुळे काम लांबले, असे अधिकारी सांगत असले तरी पाहणी पावसाळ्यापूर्वीच झाली होती.’ मथळा हवा तर ‘तीन निवेदने, एक अहवाल; तरीही खड्डा तसाच’. लांबी जवळपास तेवढीच आहे. अशा बातमीला प्रशासनाला उत्तर द्यावं लागेल. ‘बहिरे’ म्हटल्यावर द्यावं लागत नाही.

हे करताना एक फसगत होते. उपसंपादक घाईत ‘बहिरे’ काढून ‘असंवेदनशील’ टाकतो, ‘आंधळा’ काढून ‘गलथान’ टाकतो आणि काम झालं समजतो. अपमान टळला, तेवढं बरंच झालं. पण बातमी पहिल्यासारखीच पोकळ राहिली. पर्यायी शब्दांची यादी भिंतीवर लावून हा प्रश्न पुरता सुटत नाही. विशेषण काढल्यावर त्या जागी माहिती यायला हवी. माहिती मिळवायला वेळच नसेल, तेव्हा विशेषणाला विशेषण चालेल : लंगडं समर्थन म्हणजे तकलादू, न पटणारं समर्थन, लंगडी सबब म्हणजे फुसकी सबब, पांगळी यंत्रणा म्हणजे कोलमडलेली, अपुरी, मनुष्यबळ नसलेली यंत्रणा, लंगडं सरकार म्हणजे बहुमत नसलेलं, टेकूवर चालणारं सरकार. यांतला एकही शब्द बाहेरून आणावा लागला नाही.

गुन्ह्यांच्या बातम्यांत हाच प्रकार जास्त घातक रूप घेतो. ‘माथेफिरूचा हल्ला’, ‘वेडसर तरुणाचं कृत्य’, ‘विकृत मनोरुग्ण’. घटना घडून दोन तास झालेले नसतात, आरोपीला कुठल्या डॉक्टरने तपासलेलं नसतं, आणि बातमीत निदान छापून येतं. कारण शोधायचं कामही तिथेच थांबतं. जुनं वैर होतं का, एकतर्फी छळ चालू होता का, पोलिसांत आधी तक्रार गेली होती का, हे प्रश्न मग कुणी विचारत नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करणाऱ्यांपेक्षा हिंसेला बळी पडणाऱ्यांत जास्त असतात, हे मानसोपचार क्षेत्रात वारंवार दिसून आलेलं आहे. तरी वाचकाच्या मनात समीकरण उलटं बसतं, आणि मग घरात कुणाला उपचारांची गरज असली तर लोक ते लपवतात. नियम साधा ठेवा. कृत्य लिहा : ‘चाकूने हल्ला केला’. मानसिक आजाराचा उल्लेख वैद्यकीय किंवा न्यायालयीन नोंदीतून आला असेल आणि बातमीशी त्याचा संबंध असेल तरच करा, कुणी सांगितलं तेही लिहा. भारतात 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 24वं कलम मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना द्यायला मनाई करतं. हे कलम प्रत्येक गुन्हेवार्ताहराला माहीत असायला हवं. धोरण दोन तऱ्हांचं असलं की त्याला ‘स्किझोफ्रेनिक’ म्हणणं हीसुद्धा याच जातीची चूक आहे. त्या आजारात माणसाची दोन व्यक्तिमत्त्वं होत नाहीत, म्हणजे उपमा वैद्यकीयदृष्ट्याही खोटी. ‘परस्परविरोधी धोरण’ म्हणा.

‘क्रिकेटवेडा’, ‘वेड लावणारी चाल’, आईने लेकराला लाडाने म्हटलेलं ‘वेडाबाई’ यांच्यामागे मी लागणार नाही. तिथे कुणाला खाली ढकललेलं नसतं. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द आता सामाजिक चळवळीचा आणि कायद्याचा पारिभाषिक शब्द होऊन बसला आहे, तोही मी सोडून देतो. ‘लंगडी’ आणि ‘आंधळी कोशिंबीर’ ही खेळांची नावं आहेत. मुलांनी खुशाल खेळावं. सगळीकडे सारखाच आग्रह धरला की जिथे खरोखर इजा होते तिथलं लक्ष उडतं.

यशाच्या बातम्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे हेतू चांगला असतो. निकाल लागले की ‘अंधत्वावर मात’ येतंच. मी कशावरही मात केलेली नाही. मला आजही दिसत नाही, आणि त्यासह माझं आयुष्य व्यवस्थित चाललं आहे. त्या विद्यार्थ्याने ज्यावर मात केली ते वेगळं असतं : वेळेवर न मिळालेली ब्रेल पुस्तकं, ऐन परीक्षेच्या आठवड्यात नकार देणारा लेखनिक, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळेचा नियम ठाऊक नसलेला केंद्रप्रमुख. हे विचारलंत तर बातमी त्याच्या पाठच्या मुलांच्याही उपयोगी पडेल. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ हेही असंच. व्हीलचेअर माणसाला खिळवत नाही, ती त्याला बाहेर नेते. ‘व्हीलचेअर वापरणारा’ एवढं पुरे. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘दुर्दैवी’ ही विशेषणं तर मजकुरातून काढून टाकली तरी काहीच अडत नाही.

आता शिक्षकांसाठी. मी स्वतः तुमच्यातलाच आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

वर्गात सगळ्यात जास्त इजा होते ती रागावताना तोंडातून सहज जाणाऱ्या वाक्यांनी. ‘डोळे फुटले का तुझे?’, ‘बहिरा झालास का?’, ‘मंद आहेस का?’ ज्याला हे म्हटलं जातं त्या मुलाला ऐकूही येतं, दिसतंही. ते हसून सोडून देतं. पण तिसऱ्या बाकावर श्रवणयंत्र लावलेली मुलगी बसलेली असते. तिला त्या दिवशी दोन गोष्टी कळतात. बहिरं असणं ही रागावण्याजोगी चूक आहे, आणि आपल्याला नीट ऐकू आलं नाही तर ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायचं नाही. त्यानंतर ती मान डोलावत राहते. शिक्षकाला वाटतं तिला समजलं. सहामाहीत गुण कमी पडतात तेव्हा कुणालाच त्या वाक्याची आठवण येत नाही. हे ओळखायचं कसं? श्रवणयंत्र किंवा जाड भिंगांचा चष्मा वापरणारं मूल प्रश्न विचारायचं थांबलं असेल, प्रत्येक ‘समजलं का?’ला लगेच ‘हो’ म्हणत असेल, किंवा शेजाऱ्याची वही पाहूनच लिहीत असेल, तर आपल्या बोलण्याकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे. पर्याय अगदी साधे आहेत : ‘इकडे लक्ष दे’, ‘फळ्यावर काय लिहिलंय ते वाच’, ‘मी आत्ता काय म्हणालो ते सांग’. या वाक्यांत मुलाने काय करायचं ते असतं, म्हणून ती शिस्तीलाही जास्त उपयोगी पडतात.

दुसरी जागा म्हणजे म्हणींचा तास. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’. बरेच शिक्षक मला विचारतात, या म्हणी शिकवायच्याच नाहीत का? शिकवायच्या. जुन्या लेखनात त्या भेटणार आहेत आणि अर्थ माहीत नसला तर मूल अडखळेल. पण शिकवणं वेगळं आणि वाक्यात उपयोग करायला लावून सराव करून घेणं वेगळं.

मी ‘आंधळं दळतं’ असं घेतो. आधी म्हणीतलं चित्र उभं करतो : एक बाई जात्यावर दळते आहे, तिला दिसत नाही, बाजूने कुत्रं पीठ खाऊन जातं. मग विचारतो, या गोष्टीत काम कोण करतंय? मुलं म्हणतात, बाई. चोरी कोण करतंय? कुत्रं. मग म्हण वापरताना लोक हसतात कुणाला? इथे वर्ग थांबतो. कष्ट करणाऱ्या बाईलाच आपण गबाळी ठरवतो, हे मुलांना स्वतःच सापडतं. त्यानंतर पुढचा प्रश्न : त्या घरात दुसरं कुणी नव्हतं का? कुत्र्याला हाकलायचं काम कुणाचं होतं? सातवी-आठवीतली मुलं यावर फार चांगलं बोलतात. शेवटी अर्थ सांगतो, म्हणजे एकाने राबायचं आणि फायदा भलत्यानेच उपटायचा, आणि विचारतो, हाच अर्थ सांगणारी दुसरी म्हण कुठली? कुणीतरी ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतंच. सराव तिचा घेतो. ‘वासरात लंगडी गाय शहाणी’साठी ‘ओसाड गावी एरंड बळी’ आहे, अर्थ तंतोतंत तोच. ‘देव देतो दोन’ला तेवढी चपखल जोडी मला मराठीत सापडलेली नाही. तिथे ‘मागितलं त्याच्या दुप्पट मिळालं’ असं साधं वाक्य घेतो. प्रत्येक म्हणीला बदली म्हण मिळालीच पाहिजे असं काही नाही.

वर्गात एखादं दृष्टिहीन मूल असेल तर एक पथ्य पाळा. चर्चेत त्याच्याकडे वळून ‘तुला काय वाटतं?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याला बोलायचं असेल तर ते बोलेल. सगळ्या अंध माणसांच्या वतीने साक्ष द्यायची जबाबदारी दहा वर्षांच्या मुलावर टाकू नये.

इतिहासाच्या तासाला वेगळी अडचण येते. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बाँब टाकले, तेव्हा भिरकावलेल्या पत्रकाची सुरुवातच ‘बहिऱ्यांना ऐकू जाण्यासाठी मोठा आवाज लागतो’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. ते वाक्य त्यांनी व्हेलाँ या फ्रेंच अराजकवाद्याचं म्हणून उद्धृत केलं होतं. ते बदलायचा प्रश्नच येत नाही. दस्तऐवज जसा आहे तसा शिकवायचा. फक्त इतकं विचारायचं, की तिथले सत्ताधारी खरोखर बहिरे होते की ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं? पत्रकाचा मुद्दाच तो आहे, आणि या प्रश्नाने तो मुलांना जास्त नीट कळतो.

पत्रकारांपुढेही अवतरणांचा असाच पेच असतो. सभेत एखादा नेता ‘हे सरकार मुकं, बहिरं आणि आंधळं आहे’ म्हणाला, तर ते त्याचे शब्द आहेत. त्याच्या तोंडचे शब्द तुम्ही बदलू नयेत. पण त्याच्या भाषणातलं कोणतं वाक्य मथळ्यावर चढवायचं ते तुमच्या हातात असतं. तो काय मागत होता ते मथळ्यात घ्या, हे वाक्य गरज असेल तर अवतरणचिन्हांत आत ठेवा. आणि अवतरण संपल्यावर तोच शब्द स्वतःच्या निवेदनात चालू ठेवू नका. बहुतेक वेळा घसरण तिथेच होते.

‘हे सगळं नवीन फॅड आहे’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की मराठी वर्तमानपत्रांनी हे आधीही केलेलं आहे. ‘महारोगी’ जाऊन ‘कुष्ठरुग्ण’ आला. ‘मुक्या-बहिऱ्यांची शाळा’ जाऊन ‘कर्णबधिर विद्यालय’ आलं, आणि ते योग्यच झालं, कारण ऐकू न येणाऱ्या माणसांना भाषा असते. ती हातांनी बोलतात, कित्येकजण तोंडानेही बोलतात. ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती’ रुळतं आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006मध्ये स्वीकारला गेला. त्याचं आठवं कलम पूर्वग्रहांविरुद्ध काम करण्याबद्दल आहे, आणि त्यात माध्यमं आणि शिक्षण या दोहोंवर जबाबदारी टाकलेली आहे. भारताने तो 2007मध्ये मान्य केला. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या 92व्या कलमानुसार अपंग व्यक्तीला लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमानित करणं हा गुन्हा आहे. ‘आंधळा कारभार’ छापलं म्हणून कुणी तुरुंगात जाणार नाही, जावं असं मला वाटतही नाही. पण दिशा कुठली आहे ते यावरून दिसतं.

आम्हाला काय म्हणायचं, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. सरकारी शब्द ‘दिव्यांग’ आहे. कायद्याचं, खात्याचं, योजनेचं नाव लिहिताना तो वापरावाच लागेल. माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो आवडतो, अनेकांना नाही. आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प आणि नोकरी हवी, असं ते म्हणतात. मी स्वतःला ‘दृष्टिहीन’ म्हणवतो, ‘अंध’ म्हटलेलंही मला चालतं, ‘आंधळा’ चालत नाही. दुसऱ्या कुणाचं उत्तर निराळं असेल. मुलाखत घेताना नावाचं शुद्धलेखन विचारता ना, तेव्हाच हेही विचारा. विचारणं शक्य नसेल तर ‘अपंग व्यक्ती’, ‘दृष्टिहीन’, ‘कर्णबधिर’, ‘व्हीलचेअर वापरणारी’ असे साधे शब्द घ्या. आणि बातमीशी अपंगत्वाचा संबंधच नसेल तर उल्लेख टाळा. चोरी झालेल्या घराचा मालक अंध होता हे चोराने त्याचा फायदा घेतला असेल तरच बातमीत यावं.

माझी मागणी दोन कामांची आहे. तुमच्या दैनिकाची किंवा वाहिनीची लेखनशैलीची पुस्तिका असेल, तर तिच्यात अपंगत्वाविषयी एक पान घाला आणि ते पान अपंग पत्रकार, शिक्षक, भाषांतरकार यांना बोलावून, त्यांना मानधन देऊन लिहून घ्या. चित्रपटांतल्या आणि दृश्य माध्यमांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 रोजी जो निकाल दिला, त्यातही आमच्याबद्दलचं काम आमच्या सहभागाशिवाय होऊ नये हे सूत्र आहे. शाळांनी पुढच्या वर्षीच्या भाषेच्या प्रश्नपत्रिका काढताना ‘म्हणीचा वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नातून वरच्या तीन म्हणी वगळाव्यात; अर्थ विचारायला हरकत नाही. दोन्ही कामांत मी मदत करायला तयार आहे. मजकूर टाइप केलेला पाठवा, छायाचित्र काढून नको. छायाचित्रातली मराठी माझ्या फोनला अजून नीट वाचता येत नाही.

आपला,
एक दृष्टिहीन भाषाशिक्षक